काजू कारखान्याचा बारा महिन्यांचा रोख अंदाज : कामाच्या नोंदी

2 फेब्रुवारी 2026, सोमवार

मामीचा वाळपईजवळचा काजू कारखाना तसा लहानच. वर्षाला साधारण 24 टन बिया घ्यायच्या, वाळवून, वाफवून, फोडून, सोलून 6 टन गर काढायचा आणि तो म्हापसा, साखळी, पणजीच्या दुकानदारांना आणि स्वतःच्या काउंटरवर विकायचा. हिशेब मी बघते. गेल्या वर्षीच्या ताळेबंदात नफा व्यवस्थित दिसत होता. तरीही जूनमध्ये फोडणाऱ्या बायकांचा पगार दोन आठवडे अडला. मामी तेव्हा गप्प राहिली. काल मात्र तिने विचारलं, "अगं, नफा आहे म्हणतेस, मग पैसे जातात कुठे?"

पैसे बियांत जातात, आणि बिया मार्च ते मे या तीन महिन्यांतच मिळतात. शेतकरी बोंडू पिळायला लावतो, बिया घेऊन थेट आमच्या काट्यावर येतो आणि त्याला पैसे त्याच दिवशी द्यावे लागतात. तो गर मात्र पुढच्या फेब्रुवारीपर्यंत विकला जातो. नफा-तोट्याच्या पत्रकात बियांचा खर्च विक्रीबरोबर हळूहळू उतरतो, बँकेतून मात्र तो एकदम जातो. म्हणून यंदा मार्च 2026 ते फेब्रुवारी 2027 असा महिन्यागणिक रोखीचा तक्ता करायचा आणि पैसे कधी व किती कमी पडतील ते आधीच बघायचं ठरवलं. नफा, घसारा, साठ्याची किंमत यांतलं काहीही या तक्त्यात येणार नाही. बँकेत आलं आणि बँकेतून गेलं, एवढंच.

4 फेब्रुवारी

तक्त्याची मांडणी झाली. स्तंभ `B` आणि `C` म्हणजे सरलेले जानेवारी-फेब्रुवारी, `D` म्हणजे मार्च, असं पुढे `O` पर्यंत. दर, टक्के, दिवस अशी सगळी गृहीतकं बाजूला `Q` स्तंभात ठेवली. सूत्राच्या पोटात आकडा लिहायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. गेल्या वर्षी बियांचा दर सात ठिकाणी लिहिला होता, बदलताना दोन ठिकाणी राहून गेला, आणि ते कळायला महिना लागला.

सगळ्यात जास्त वेळ वसुलीवर गेला. दुकानदारांना आपण तीस दिवसांची उधारी देतो, म्हणून विक्री या महिन्यात आणि पैसे पुढच्या, असं धरणं सोपं होतं. पण दोन वर्षांची खातेवही काढली आणि प्रत्येक बिलापुढे पैसे बँकेत आल्याची तारीख लिहीत गेले. शंभर रुपयांच्या विक्रीतले तीस रुपये काउंटरवर त्याच महिन्यात येतात, पन्नास पुढच्या महिन्यात आणि वीस त्याच्याही पुढच्या. ते वीस रुपये ठरावीक तीन-चार दुकानांचे. बुडत कोणी नाही, उशीर मात्र नेमाने होतो.

```
D8:  =D5*$Q$2+C5*$Q$3+B5*$Q$4
```

ओळ 5 विक्रीची, `Q2` ते `Q4` म्हणजे 30, 50 आणि 20 टक्के. विक्रीची ओळ जीएसटी धरून लिहिली आहे, कारण दुकानदार देतो तो आकडा जीएसटीसकटचा असतो. सरासरी भाव 880 रुपये किलो, त्यावर 5 टक्के, म्हणजे 924.

खाली पडताळणीची एक ओळ घातली. सुरुवातीची येणी अधिक विक्री वजा वसुली म्हणजे शेवटची येणी. मेअखेर ही येणी मे महिन्याच्या विक्रीच्या 70 टक्के आणि एप्रिलच्या 20 टक्के एवढीच निघायला हवी. पहिल्यांदा जुळली नाही. मार्चच्या सूत्रात `B` ऐवजी `A` पडलं होतं. `A` मध्ये महिन्यांची नव्हे, ओळींची नावं आहेत.

7 फेब्रुवारी, शनिवार

विक्रीची ओळ भरायची म्हणून गेल्या वर्षीचे महिनेवार किलो उचलून चिकटवले. मामीने चहाचा कप ठेवता ठेवता स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "ऑगस्टात एवढं कसं विकशील? यंदा चवथ सप्टेंबरात आहे."

खरंच आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. त्यामुळे 2025 साली 27 ऑगस्टला आलेली चवथ यंदा 14 सप्टेंबरला आहे आणि दिवाळीचं लक्ष्मीपूजन थेट 8 नोव्हेंबरला. दुकानदार सणाचा माल दोन-तीन आठवडे आधी उचलतात. म्हणजे ऑगस्टमधली मोठी विक्री सप्टेंबरमध्ये सरकते, ऑक्टोबरची बरीचशी नोव्हेंबरमध्ये, आणि त्यांचे पैसे त्याहून पुढे. नाताळचा गिऱ्हाईक कुठे हलत नाही, तो डिसेंबरातच.

किलो पुन्हा भरले. ऑगस्ट 800 वरून 450, सप्टेंबर 450 वरून 800, ऑक्टोबर 850 वरून 700, नोव्हेंबर 700 वरून 850. वर्षाची बेरीज तीच, 6,000 किलो. पण सप्टेंबरअखेरपर्यंत हातात येणारी रक्कम 1 लाख 62 हजारांनी घटली. महिन्याच्या नावाने सूत्र ओढलं की हे दिसत नाही. म्हणून आता विक्रीच्या वर एक ओळ सणांच्या तारखांचीही ठेवली आहे आणि दर वर्षी पंचांग बघून तीच आधी भरायची.

10 फेब्रुवारी

खर्च भरले. बिया: मार्चमध्ये 4 टन, एप्रिलमध्ये 12, मेमध्ये 8, दर 150 रुपये किलो धरून 6 लाख, 18 लाख आणि 12 लाख. पगार महिना 60 हजार. वीज, सरपण, पुड्या, वाहतूक मिळून 25 हजार. यंत्राच्या कर्जाचा हप्ता 18 हजार आणि घरखर्चाला मामी घेते ते 30 हजार. हप्त्यातली मुद्दल आणि घरखर्च नफ्याच्या पत्रकात खर्च म्हणून येत नाहीत, म्हणून लोक ते या तक्त्यातूनही विसरतात. आमच्याकडे या दोन ओळी मिळून वर्षाला 5 लाख 76 हजार होतात आणि ते तर नफ्याहूनही थोडे जास्त आहेत. ऑगस्टमध्ये सणाच्या डब्यांचे 60 हजार आणि चवथीआधी बायकांच्या बोनसचे 60 हजार वेगळे लिहिले.

जीएसटीपाशी थांबले, कारण इथेच गेल्या वर्षी माझी चूक झाली होती. न सोललेल्या काजूच्या बिया नोंदणीकृत व्यापाऱ्याने शेतकऱ्याकडून घेतल्या तर त्यावरचा कर शेतकरी भरत नाही, घेणाऱ्याने भरायचा असतो. हा उलट आकारणीचा 5 टक्के कर रोखीनेच भरावा लागतो, आधीची जमा असलेली क्रेडिट त्यासाठी वापरता येत नाही. भरल्यावर तेवढी क्रेडिट मिळते आणि ती विक्रीवरच्या करातून वळती होते. म्हणून वर्षाच्या हिशेबात हा कर शून्यावर येतो. मी त्याच कारणाने तो रोख तक्त्यातून गाळला होता.

तो शून्य होतो, पण सावकाश. मार्चच्या खरेदीचे 30 हजार 20 एप्रिलला, एप्रिलचे 90 हजार 20 मेला, मेचे 60 हजार 20 जूनला. त्या महिन्यांत विक्री थोडी, त्यामुळे विक्रीवरचा करही थोडा. मेचं विवरणपत्र भरल्यावर 1 लाख 31 हजार 600 रुपयांची क्रेडिट नुसती पडून राहते आणि नोव्हेंबरच्या विवरणपत्रात संपते. म्हणजे पैसे सर्वांत कमी असतात, नेमके त्याच दिवसांत आपण सरकारकडे सव्वा लाख ठेवलेले असतात.

```
E12: =D11*$Q$5
```

ओळ 11 बियांची खरेदी, `Q5` 5 टक्के. एप्रिलच्या खान्यात मार्चची खरेदी, एवढाच फरक, पण तोच महत्त्वाचा.

12 फेब्रुवारी

व्याजाची ओळ. बँकेची रोख पत मर्यादा 20 लाख, व्याज 10.5 टक्के, जेवढे वापरले तेवढ्यावर. याच महिन्याच्या अखेरच्या शिलकीवर व्याज काढलं तर व्याज शिलकीत आणि शिल्लक व्याजात, असं चक्र होतं आणि तक्ता चक्रीय संदर्भाची तक्रार करतो. म्हणून मागच्या महिन्याच्या अखेरच्या शिलकीवर काढलं. थोडं ढोबळ आहे, पण इतक्या कामाला पुरतं.

```
E14: =MAX(0,-D20)*$Q$6/12
```

1 मार्चची शिल्लक 9 लाख धरून तक्ता पूर्ण झाला. आकडे लाखांत:

| महिना | आले | गेले | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|
| मार्च | 3.28 | 7.48 | 4.80 |
| एप्रिल | 2.86 | 19.63 | −11.97 |
| मे | 3.33 | 14.34 | −22.98 |
| जून | 3.42 | 2.13 | −21.69 |
| जुलै | 2.40 | 1.52 | −20.81 |
| ऑगस्ट | 2.54 | 2.11 | −20.38 |
| सप्टेंबर | 4.67 | 2.11 | −17.82 |
| ऑक्टोबर | 6.47 | 1.49 | −12.84 |
| नोव्हेंबर | 7.07 | 1.44 | −7.21 |
| डिसेंबर | 7.72 | 1.49 | −0.98 |
| जानेवारी | 6.98 | 1.74 | 4.26 |
| फेब्रुवारी | 4.71 | 1.53 | 7.44 |

वजा शिल्लक म्हणजे बँकेच्या मर्यादेतून वापरलेले. 20 लाखांची रेघ मेमध्ये ओलांडली जाते आणि आपण ऑगस्टअखेरपर्यंत तिच्या आत येत नाही. व्याज धरलं नव्हतं तेव्हा डिसेंबर अखेर 20 हजार शिल्लक दिसत होती. वर्षभराच्या 1 लाख 20 हजार व्याजाने ती वजा झाली.

मामी बराच वेळ जुलैच्या ओळीकडे बघत बसली. तिला वाटत होतं, अडचण फक्त जूनची. गेल्या वर्षी जूनमध्ये पगार अडला तेव्हा पुढे जुलै-ऑगस्टमध्ये काय केलं, ते तिने आज सांगितलं. पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. मला माहीत नव्हतं.

14 फेब्रुवारी, शनिवार

महिनाअखेरचा आकडा महिन्याच्या मधली खोली दाखवत नाही. मेअखेर 22.98 आणि जूनअखेर 21.69 म्हटलं की सगळ्यात खोल जागा मेअखेर वाटते. म्हणून मे आणि जूनपुरता तक्ता आठवड्यांत फोडला. हप्ता 5 तारखेला, पगार 7 ला, जीएसटी 20 ला. दुकानदारांचे पैसे मात्र, खातेवहीप्रमाणे, बहुतेक 20 तारखेनंतर येतात. 1 ते 20 जूनमध्ये फक्त काउंटरचे पस्तीस हजार येतात आणि पगार, हप्ता, कर, घरखर्च, वीज मिळून 1 लाख 73 हजार जातात. म्हणजे 20 जूनच्या संध्याकाळी वापर 24 लाख 36 हजार.

मर्यादेच्या वर 4 लाख 36 हजार. महिन्याच्या तक्त्यावरून मी 3 लाखच सांगितले असते. तेवढ्यावर 7 जूनचा पगारही पुन्हा अडला असता, 20 तारखेचा कर तर दूरच.

बाराही महिने आठवड्यांत फोडायची गरज नाही. जे महिने रेघेच्या आसपास आहेत तेवढेच फोडायचे. सप्टेंबरचा पहिला पंधरवडाही फोडला, कारण चवथीआधी पगार आणि बोनस दोन्ही जातात आणि सणाचे पैसे अजून यायचे असतात. 10 सप्टेंबरच्या सुमारास वापर पुन्हा 21 लाख 75 हजार.

16 फेब्रुवारी

उपाय तपासायला प्रत्येकासाठी तक्त्याची प्रत काढली, मूळ तक्ता हलवला नाही.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो: वसुलीचा तगादा लावायचा. ते उशिराचे वीस टक्केही महिनाभरात येतील असं धरलं, म्हणजे 30, 70, 0. जूनची तूट किती भरली? फक्त 55 हजार. मला आधी सूत्रात चूक वाटली. पण बरोबर होतं. त्या वेळी दुकानदारांकडे उशिराचे म्हणून जे अडकलेले असतात ते एप्रिलच्या विक्रीचे, आणि एप्रिलची विक्री मुळातच 300 किलोची. जे थकलेलंच नाही ते मागून येणार कुठून? तगाद्याचा खरा फायदा ऑक्टोबरपासून पुढे दिसतो, आणि तेव्हा आपल्याला तशी निकड नसते.

दुसरा उपाय, मेमध्ये 8 ऐवजी 5 टन बिया घ्यायच्या. 20 जूनचा वापर 19 लाख 64 हजारांवर येतो, मर्यादेच्या आत. पण 3 टन बिया म्हणजे 750 किलो गर, म्हणजे नाताळ आणि नंतरची 6 लाख 60 हजारांची विक्री. बियांचे साडेचार लाख आणि मजुरीचे 90 हजार वाचले तरी 1 लाख 20 हजारांचं नुकसान. शिवाय काम कमी झालं तर बायका दुसरीकडे जातील, आणि फोडायला हात बसलेली बाई पुन्हा मिळत नाही.

तिसरा, मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत मर्यादा तात्पुरती 5 लाखांनी वाढवून घ्यायची. सगळे 5 लाख साडेचार महिने वापरले असं धरलं तरी व्याज 19 हजार 700, त्यावर बँकेचं काय शुल्क असेल ते. प्रत्यक्षात वापर याहून बराच कमी राहील. चवथीच्या तारखा जुन्याच ठेवल्या असत्या तर मी मुदत ऑगस्टअखेर मागितली असती आणि 10 सप्टेंबरला पुन्हा अडकलो असतो.

19 फेब्रुवारी

मामी आणि मी बँकेत जाऊन आलो. व्यवस्थापकांनी तक्ता नीट वाचला. त्यांचे दोन प्रश्न होते. मर्यादा वाढवली तरी उचल साठ्यावर अवलंबून असते, तर साठा किती? मेअखेर बिया आणि गर मिळून साधारण 33 लाख आणि येणी 3 लाख 80 हजार. 25 टक्के मार्जिन वजा जाता 27 लाख 60 हजारांपर्यंत उचल बसते. हा आकडा मी नेला होता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "बियांचा दर 165 गेला तर?"

20 फेब्रुवारी

`Q` स्तंभात दर बदलला. 24 टनांवर 15 रुपये म्हणजे 3 लाख 60 हजार, वर करही 18 हजारांनी वाढतो. 20 जूनचा वापर 28 लाखांच्या पुढे. वाढवलेली मर्यादाही पुरत नाही आणि साठ्यावरची उचलही काठावर येते.

दर आपल्या हातात नाही, पण मेची खरेदी आहे. मी आजवर किलो ठरवत होते आणि रुपये त्यातून काढत होते. आता उलट केलं. 20 जूनचा वापर 24 लाख 50 हजारांच्या वर जाऊ द्यायचा नाही, 50 हजार अचानकच्या खर्चाला हातचे, आणि त्यातून मेमध्ये बियांना किती रुपये उरतात ते काढायचं. 165 दराने हिशेब केला तर मेमध्ये 8 ऐवजी जेमतेम 5.9 टन बसतात. मामीला हे पटलं, आणि कारण तिचं वेगळं होतं. मेच्या शेवटी वळवाचा पाऊस लागलेल्या बिया वाळताना काळ्या पडतात आणि गर तुकडा निघतो. "कमी करायचं तर शेवटच्या आठवड्याचं कर, पहिल्याचं नको," म्हणाली. तक्त्याला हे कळलं नसतं.

मेच्या खरेदीचा निर्णय 30 एप्रिलला, तोवरचे खरे आकडे भरून घ्यायचा, असं लिहून ठेवलं.

27 फेब्रुवारी

बँकेचा निरोप आला. 5 लाखांची तात्पुरती वाढ, 30 सप्टेंबरपर्यंत. साठ्याचं पत्रक दर महिन्याला वेळेवर द्यायचं.

31 मार्च, मंगळवार

पहिला खरा महिना भरला. प्रत्येक महिन्याला अंदाजाशेजारी प्रत्यक्षाचा स्तंभ केला आहे. अंदाज पुसला नाही, नाहीतर चूक कुठे झाली ते कळत नाही. वसुली 3 लाख 28 हजार धरली होती, आली 2 लाख 94 हजार. म्हापशाच्या एका दुकानदाराचे 34 हजार 2 एप्रिलला येतील म्हणतो. ते आले तर हा फक्त तारखेचा फरक, पुढे काही बदलायचं नाही. बिया 4 ऐवजी 4.3 टन आल्या, दर धरल्याइतकाच. 45 हजार जास्त गेले, पण तेवढ्या एप्रिलमधून कमी केल्या. त्यांचा कर मात्र मेऐवजी 20 एप्रिललाच जाईल, 2,250 रुपये. बाकी खर्च अंदाजाप्रमाणे. अखेरची शिल्लक 4 लाख 1 हजार.

शेवटी मार्च 2027 चा स्तंभ जोडला, म्हणजे समोर पुन्हा बारा महिने. 2 एप्रिलला त्या दुकानदाराचं खातं बघायचं.